बघून न बघितल्यासारखं

सोमवार

सकाळचे साडेसात. कात्रजला बसची वाट बघत उभी आहे आणि इअरफोन गेलेत. काल रात्री चांगले होते. आज डाव्या कानात नुसती खरखर, उजव्यात तीही नाही. कात्रज ते शिवाजीनगर हा माझा रोजचा तासाभराचा प्रवास. इंटर्नशिप सुरू झाल्यापासून चार महिने मी तो कानात गाणी आणि डोळ्यांसमोर रील्स ठेवून केलाय. नवे इअरफोन आता स्टायपेंड आल्यावरच. म्हणजे हा आठवडा कोरडा. म्हटलं, चला, निदान बघू तरी आपल्याबरोबर कोण कोण असतं.

बस रिकामी लागली. दोन्ही बाजूंना दोन-दोनच्या सीट आणि सगळ्यात मागे पाच जणांची लांब सीट. आम्ही चढलो सात-आठ जण आणि कोणीही न सांगता प्रत्येकाने वेगवेगळी रांग धरली, ती पण खिडकी. पूर्ण रिकाम्या बसमध्ये कोणी कोणाच्या शेजारी बसलं नाही. बसलं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हीच डोळ्यांसमोर आणून बघा. तीस सीट मोकळ्या आहेत आणि एक अनोळखी माणूस येऊन थेट तुमच्या शेजारी बसतो. तुम्ही आधी बॅग जवळ ओढाल, मग दाराकडे बघाल.

भारती विद्यापीठाच्या स्टॉपपर्यंत खिडक्या संपल्या. मग सुरू झाली खरी परीक्षा, म्हणजे कोणाच्या शेजारी बसायचं. बाई असेल तर बाईशेजारी, हे तर ठरलेलंच. पुण्यात डाव्या बाजूच्या सीट बायकांसाठी राखीव असतात, त्यामुळे तिकडचा प्रश्न सोपा. उजवीकडे मात्र चढणारा प्रत्येक जण एका नजरेत सगळी बस वाचतो. आडव्या अंगाच्या माणसापेक्षा बारीक माणूस बरा. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्यापेक्षा झोपलेला बरा. मांडीवर सॅक घेतलेला बरा, शेजारच्या सीटवर सॅक ठेवलेला नको.

ही सॅकची गंमत मी नीट बघितली. शेजारी सॅक ठेवलेला मुलगा खिडकीबाहेर बघत असतो. एक काका येऊन उभे राहतात. ते त्या मुलाकडे बघत नाहीत, सॅककडे बघतात. मुलाला ते दिसलेले असतात, पण तोही वळत नाही. पाच-सात सेकंद असेच जातात. मग काका विचारतात, "बॅग कोणाची आहे?" बॅग कोणाची आहे हे बसमधल्या लहान पोरालाही कळतंय. पण "बाजूला सरक" असं म्हणण्यापेक्षा हे बरं. मुलगा जणू आत्ताच जागा झाला अशा चेहऱ्याने "सॉरी, सॉरी" म्हणत सॅक उचलतो. दोघांचीही अब्रू शाबूत.

उतरतानाचाही नियम आहे. महापालिका भवनाच्या स्टॉपला बस अर्धी रिकामी झाली. माझ्यापुढच्या सीटवर दोन अनोळखी माणसं अजून चिकटून बसलेली, समोरची अख्खी सीट मोकळी. लगेच उठून पुढे बसलं तर शेजाऱ्याला वाटणार, हा मला कंटाळला. बसून राहिलं तर ते त्याहून विचित्र. शेवटी कडेला बसलेल्याने पुढच्या स्टॉपपर्यंत वाट बघितली, बस थांबताना उतरायचं असल्यासारखा उठला आणि दाराजवळच्या मोकळ्या सीटवर जाऊन बसला. उतरला शिवाजीनगरलाच, माझ्याबरोबर.

मंगळवार

आज फक्त डोळे बघायचे ठरवलं.

बसमध्ये चढणाऱ्याकडे सगळे बघतात, पण जेमतेम एक सेकंद. तोही सगळ्यांकडे बघतो, तेवढाच. मग नजरा पांगतात. कोणी खिडकीबाहेर, कोणी फोनमध्ये, कोणी समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी. तो पहिला सेकंद चालतो. दुसरा सेकंद गेला की ते बघणं राहत नाही, टक लावणं होतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक समाजशास्त्रज्ञ होता, अर्व्हिंग गॉफमन. पेपरात पाच मार्कांना यायचा. त्याने १९६३ च्या पुस्तकात नेमकं हेच लिहून ठेवलंय. अनोळखी माणसं एकमेकांजवळून जाताना आधी एक ओझरती नजर टाकतात. तिचा अर्थ, तू इथे आहेस हे मला दिसलं. मग लगेच नजर काढून घेतात. त्याचा अर्थ, तुझ्यापासून मला काही नकोय, तू निवांत राहा. याला त्याने जे इंग्रजी नाव दिलं, त्याचं मराठी मी परीक्षेत 'सभ्य दुर्लक्ष' असं केलं होतं. आज वाटतं, उगाच केलं. आपल्याकडे आधीपासून शब्द आहेत की. बघून न बघितल्यासारखं करणं.

यातलं 'बघून' महत्त्वाचं. नुसतं 'न बघितल्यासारखं' नाही. आधी बघायचं, मग सोडायचं. भिंतीकडे आपण बघत नाही तसं माणसाकडे न बघणं वेगळं आणि हे वेगळं.

या नियमाला सुट्याही आहेत. लहान मूल असेल तर कोणीही कितीही बघावं, वर डोळेही मिचकवावेत. आज पद्मावतीला एक बाळ चढलं आणि सहा सीटवरच्या लोकांचे चेहरे एकदम बदलले. दुसरी सुटी म्हणजे करकचून ब्रेक. रिक्षा आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला, सगळे पुढे झुकले आणि पुढच्याच क्षणी अख्ख्या बसने एकमेकांकडे बघितलं. कोणी हसलं, कोणी "आई गं" म्हटलं, एका काकांनी रिक्षावाल्याच्या खानदानाची विचारपूस केली. तीन-चार सेकंद आम्ही एकमेकांच्या ओळखीचे होतो. मग परत सगळे आपापल्या खिडकीत.

आणि एक जागा अशी आहे जिथे नियम फसतो. संध्याकाळी अंधार पडला की बसमध्ये दिवे लागतात आणि खिडकीच्या काचेचा आरसा होतो. बाहेर बघतोय असं दाखवत माणसं काचेतून एकमेकांना बघतात. आज तशीच एका मुलीची आणि माझी नजरानजर झाली. दोघी दचकलो. समोरासमोर असतो तर कोणी एवढं दचकलं नसतं.

ऑफिसात माझ्याबरोबर इंटर्न असलेल्या मित्राला हे सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "तुम्हाला कोण बघतंय याचं टेन्शन असतं, मला मी कुठे बघू याचं असतं. गर्दी असली की मी दोन्ही हात वर दांड्याला धरतो. सगळ्यांना दिसू दे, माझे हात कुठे आहेत ते." चार महिने आम्ही शेजारी बसून काम करतोय, हे मला माहीत नव्हतं.

बुधवार

आजचं लिहावं की नाही, असं वाटत होतं. पण लिहिते.

बालाजीनगरला एक माणूस चढला. पन्नाशीचा असेल. कपड्यांवर रंगाचे शिंतोडे, हातात पिशवी, पिशवीत ब्रश आणि डब्याचा गोल आकार. उजवीकडे एक अख्खी सीट नुकतीच मोकळी झाली होती. तो खिडकीशी बसला. म्हणजे पूर्ण बसलाही नाही, अंग चोरून कडेला टेकला. पिशवी पायात, हात मांड्यांमध्ये. कोणाकडेही बघितलं नाही.

पद्मावतीपर्यंत बस भरली. उभी माणसं झाली आठ-दहा. त्याच्या शेजारची सीट रिकामीच. कंडक्टर ओरडतोय, "पुढे सरका, आत जागा आहे." लोक सरकले, त्या सीटला वळसा घालून सरकले. कोणी नाक मुरडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. कोणाला विचारलं असतं तर प्रत्येकाने सांगितलं असतं, "मला जवळच उतरायचंय हो." लक्ष्मीनारायणपर्यंत ती सीट रिकामी होती.

आता हे मला कसं माहीत? कारण त्या सीटच्या अगदी जवळ उभी असलेली मीच होते. माझा कुर्ता पांढरा होता, ऑफिसात मीटिंग होती, आणि तो पुरुष होता. तिन्ही कारणं मी मनात तयार ठेवली होती. पण रंग वाळलेला होता, हे मला दिसत होतं. आणि परवाच एका टाय घातलेल्या माणसाशेजारी मी बिनधास्त बसले होते, तेही आठवत होतं.

स्वारगेटच्या आधी मी बसले. त्याने आणखी अंग चोरलं. माझ्या कुर्त्याला काही लागलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही आणि बोललो नाही. यात मी काही थोर केलं नाही, चार स्टॉप उशीर केला.

लिहून ठेवलेल्या नियमाशी भांडता तरी येतं. बसच्या भिंतीवर 'रंगाऱ्याशेजारी बसू नये' असं लिहिलं असतं तर उद्या त्यावर मोर्चा निघाला असता. न लिहिलेला नियम मात्र सगळे पाळतात आणि पाळत असल्याचं कोणालाच माहीत नसतं. ज्याच्यावर तो लादला जातो, त्याला मात्र बरोबर माहीत असतं. म्हणून तर तो आधीच कडेला टेकून बसतो.

गुरुवार

'लेडीज' हा शब्द किती ताकदीचा आहे, ते आज बघितलं.

डाव्या बाजूला लेडीज सीटवर एक तरुण बसलेला. एक काकू येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्याच्याकडे बघितलं नाही. खिडकीच्या वर 'स्त्रियांसाठी' लिहिलेलं असतं, तिकडे बघत राहिल्या. त्याला कळलं, पण तो फोनमध्ये आणखी खोल गेला. स्टॉप गेला. मग काकूंनी एकच शब्द उच्चारला, "लेडीज." 'प्लीज' नाही, 'उठता का' नाही, 'माझे गुडघे दुखतात' नाही. तो स्प्रिंगसारखा उठला.

कारण न देता मागितलं की लोक देतात, यावर खरोखर प्रयोग झालाय. १९७० च्या दशकात स्टॅन्ली मिलग्रॅम हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत शिकवायचे. त्यांनी विद्यार्थ्यांना तिथल्या भुयारी रेल्वेत पाठवलं. काम एकच. बसलेल्या अनोळखी माणसाला विचारायचं, तुमची जागा मला द्याल का? कारण काहीच सांगायचं नाही. सगळ्यांना वाटलं होतं, लोक हाकलून देतील. पण शंभरातल्या ६८ जणांनी जागा दिली किंवा सरकून करून दिली. गंमत पुढे आहे. काही वेळा "मला पुस्तक वाचायचंय, उभ्याने वाचता येत नाही" असं फालतू कारण सांगायला लावलं, तेव्हा देणारे घटून ४२ च्या आसपास आले. कारण सांगितलं नाही की समोरचा मनात म्हणतो, काहीतरी गंभीरच असणार. कारण ऐकलं की त्याला ते तोलता येतं.

वाचताना सोपं वाटलं. म्हटलं, आपणही करून बघू. संध्याकाळी उजव्या बाजूला, म्हणजे राखीव नसलेल्या सीटवर, माझ्याच वयाचा एक मुलगा बसला होता. मी शेजारी उभी राहिले. वाक्य तयार होतं, "मला बसायला द्याल का?" पाच शब्दही नाहीत. शनिवारवाड्याला ठरवलं, आता. मंडई आली, तरी बोलले नाही. घसा खरंच कोरडा पडला. घरात मी काय बडबडते ते आईला विचारा.

स्वारगेटच्या सिग्नलला एकदाचं विचारलं. तो लगेच उठला. काही विचारलं नाही, नुसतं "हो, बसा ना" म्हणाला. आणि मी बसल्या बसल्या काय केलं? डोकं पुढच्या सीटच्या दांड्याला टेकवलं आणि डोळे मिटले. आजारी असल्यासारखी. मला काही झालेलं नव्हतं, पण जागा घेतली तर निदान तशी दिसायला तरी हवी ना! रात्री पुढचं वाचलं तर कळलं, मिलग्रॅम स्वतः प्रयोगाला उतरले तेव्हा त्यांचेही शब्द घशात अडकले होते, आणि जागा मिळाल्यावर त्यांनीही अशीच मान खाली घातली होती.

नियम मोडायला एवढा त्रास होतो, हे मला आज कळलं. कोणी ओरडत नाही, दंड नाही. तरी अंग आतून आवळून घेतं. हे लक्षात ठेवलं पाहिजे, असं मी वहीत लिहिलं. का लिहिलं ते माहीत नव्हतं.

शुक्रवार

संध्याकाळी साडेसात. शिवाजीनगरहून परतीची बस, खचाखच. मला नशिबाने लेडीज सीट मिळाली, कडेची. माझ्यापासून दोन सीट पुढे एक मुलगी उभी होती. गळ्यात कॉलेजचं आयकार्ड, अकरावी-बारावीची असेल. तिच्या मागे एक माणूस.

गर्दीत धक्का लागतोच, हे बसने जाणाऱ्या कोणत्याही मुलीला सांगावं लागत नाही. पण गर्दीचा धक्का आणि दुसरा धक्का यांतला फरकही तिला सांगावा लागत नाही. गर्दीचा धक्का बसबरोबर येतो आणि बसबरोबर जातो. ब्रेक लागला की सगळे एकदम पुढे येतात, ब्रेक सुटला की सगळे एकदम मागे जातात. हा माणूस पुढे येत होता आणि मागे जात नव्हता. त्याच्या मागे वीतभर जागा होती, तरीही. ती मुलगी अर्धं पाऊल सरकली. थोड्या वेळाने तोही सरकला. तिने सॅक पाठीवरून काढून मध्ये धरायचा प्रयत्न केला.

मग तिने मान वर करून आजूबाजूला बघितलं. ती कोणाची तरी नजर शोधत होती. तिने माझ्याकडे बघितलं. आमची नजरानजर झाली.

आणि मी नजर खाली घेतली.

आठवडाभर मी हेच बघत होते ना, की एका सेकंदाच्या वर बघायचं नसतं. माझ्या मानेने तो नियम माझ्याआधी पाळला. मी फोन उघडला. फोनमध्ये काहीही नव्हतं. मनात कारणं चालू होती. कदाचित गर्दीच असेल. कदाचित तो तिच्या ओळखीचा असेल. एवढे लोक उभे आहेत, काही असतं तर कोणी बोललं असतं. मी इतरांचे चेहरे बघितले. सगळे शांत. खिडकीबाहेर, फोनमध्ये, समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे.

मंडईला एक मावशी चढल्या. दोन पिशव्या, एकीतून मेथी बाहेर आलेली. कोणीतरी त्यांना जागा दिली. बसल्या, पिशव्या पायात घेतल्या, सगळ्यांवरून एक नजर फिरवली. ती नजर त्या मुलीपाशी थांबली. मग त्या माणसापाशी. मावशी खिडकीकडच्या बाईला म्हणाल्या, "जरा सरक गं." आणि मुलीला, "ए पोरी, ये इकडे. बस इथं. आपण तिघी मावतो." दोघींच्या सीटवर तिघी. मुलगी काही न बोलता अर्धी टेकली. मावशी मात्र त्या माणसाकडे बघत राहिल्या. रागाने नाही, ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. एक सेकंद, दोन, दहा. माणूस आधी वर बघायला लागला, मग बाहेर, मग फोन काढला. स्वारगेटला उतरला.

तिथून पुढे कोणी कोणाशी बोललं नाही. मावशींनी मेथीची पिशवी सारखी केली. मुलगी पद्मावतीला उतरली. उतरताना तिने मावशींकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. का बघावं?

शनिवार

रात्री झोप आली नाही. स्वतःला भित्री म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काही कळत नाही. मी घाबरले नव्हते. तो माणूस मला काही करणार नव्हता. मी नुसती नियमाप्रमाणे वागले, आणि बसमधल्या तीस-चाळीस लोकांनीही तेच केलं.

आणखी एक जुना प्रयोग आठवला. १९६८ साली बिब लताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून आत धूर सोडला. खोलीत एकटा असलेला विद्यार्थी बहुतेक वेळा उठून बाहेर सांगायला गेला, चारातले तीन जण गेले. पण शेजारी दोन जण असे बसवले, ज्यांना मुद्दाम शांत राहायला सांगितलं होतं, तेव्हा दहातला एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला करत फॉर्म भरत राहिले. प्रत्येक जण शेजाऱ्याचा शांत चेहरा बघून ठरवत होता की काही गंभीर नसणार.

आता हे आपल्या बसला लावून बघा. बसचा पहिला नियमच मुळी चेहरा शांत ठेवायचा आहे. काही घडलं तरी आणि नाही घडलं तरी आपण सगळे तसेच दिसतो. म्हणजे त्या धुराच्या खोलीत मुद्दाम बसवलेली माणसं आपण रोज, फुकटात होतो. शुक्रवारी मी इतरांचे चेहरे बघून म्हटलं, काही नसेल. त्याच क्षणी कोणीतरी माझा चेहरा बघून तेच म्हणत असणार. आणि ती मुलगी सगळ्यांचे चेहरे बघून काय म्हणाली असेल?

मला नियम मोडीत काढायचा नाहीये. मला बसमध्ये कोणी टक लावून बघायला नकोच आहे. माझ्या मित्राला हात वर धरून का होईना, निवांत प्रवास करता यावा, हेही हवंय. अनोळखी लोकांनी एकमेकांना सोडून देणं ही शहराची मोठी सोय आहे, विशेषतः मुलींसाठी. गावी एसटीत बसले की 'कोणाची गं तू' पासून लग्नापर्यंतची चौकशी होते, तेव्हा पुण्याची बस मला स्वर्ग वाटते.

पण आपण नियम अर्धाच पाळतोय. बघून न बघितल्यासारखं करायचं असतं. आपण 'बघून' गाळलंय. इअरफोन घालून, मान खाली घालून चढायचं आणि तसंच उतरायचं. पहिला सेकंदच नाही. आणि न बघता न बघितल्यासारखं करणं, याला मराठीत दुसरा शब्द आहे. काणाडोळा. बुधवारच्या रंगाऱ्याच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी तो केला. शुक्रवारी मी एकटीने केला असं म्हणत नाही, पण मी केला. मावशींनी काय वेगळं केलं? चढल्या चढल्या बसमध्ये कोण आहे ते बघितलं. ज्यांना सोडायला हवं होतं त्यांना सोडलं, ज्याला सोडायला नको होतं त्याला सोडलं नाही. नियम त्यांनाच पूर्ण येत होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तो एक सेकंद परत आणा. चढताना बघा, बसल्यावर एकदा बघा, मग खुशाल रील्स बघा. आणि कोणाची नजर तुमची नजर शोधत आली, तर ती खाली टाकू नका. ओरडायची, हिरो व्हायची गरज नाही. तक्रार करायची की नाही, कंडक्टरला सांगायचं की ११२ ला फोन लावायचा, हे त्या मुलीला ठरवू द्या. तुम्ही फक्त मध्ये जागा करा. "इथे बसतेस का?" म्हणा. स्टॉपचं नाव विचारा. काहीही विचारा. गुरुवारी मी बघितलंय, ते वाक्य घशात अडकतं. अडकणार हे आधीच माहीत असेल तर जरा सोपं जातं.

चुकलं तर? चुकतं. आज सकाळीच चुकलं. बस तशी भरलेली, उजवीकडे एक काकू खिडकीशी बसलेल्या, शेजारी एक माणूस सारखा त्यांच्या अंगावर रेलून खिडकीबाहेर वाकत होता. काकू आक्रसून बसलेल्या, कपाळाला आठ्या. मी ठरवलं, या वेळी नाही. वाकून विचारलं, "काकू, शनिपार गेलं का हो?"

काकूंच्या आठ्या गेल्या. "नाही गं बाळा, यायचंय अजून." मग त्या माणसाला, "अहो, तुम्ही तरी सांगा तिला, शनिपार कुठे येतं." अहो उत्साहाने वळले. नवीन आहेस का, कुठली, कोणाकडे आलीस, सगळं विचारून झालं. तोवर शनिपार आलं. दोघांनी मिळून मला उठवलं, अहोंनी पुढच्या माणसांना बाजूला केलं, काकू खिडकीतून ओरडल्या, "डाव्या हाताला जा गं!"

मला शिवाजीनगरला जायचं होतं. तोंड वर करून परत बसायला जाणार कशी? उतरले. ऑफिसपर्यंत चालत गेले, अर्ध्या तासाने पोचले, उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली.

बघितल्याची एवढीच किंमत पडली. न बघितल्याची किती पडते, ते त्या अकरावीतल्या मुलीला विचारायला हवं. ती मला परत भेटलेली नाही. पद्मावतीचा स्टॉप आला की मी मान वर करते.